शिक्षा किती, हे कोणी ठरवलं?

समजा, एक तरुणी एका कंपनीत हिशेबाचं काम करते. सोशल मीडियावर तिला तीनेकशे लोक फॉलो करतात, बरेचसे नातेवाईक आणि जुने वर्गमित्र. एका संध्याकाळी ती कोणाची तरी मुलाखत पाहते. मुलाखत देणारा माणूस अडखळत बोलतो, एखाद्या शब्दापाशी थांबतो, पुन्हा सुरुवात करतो. ती लिहून टाकते : "ज्यांना धड बोलता येत नाही त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवतात कशाला? आमचा वेळ फुकट." खाली दोन हसरे चेहरे.

हे वाक्य वाईट आहे. अडखळत बोलणाऱ्या माणसाला लहानपणापासून याच गोष्टीची धास्ती असते की आपण तोंड उघडलं तर समोरचा कंटाळेल, हसेल, वाक्य आपल्याआधी पुरं करून मोकळा होईल. तिने ती धास्ती खरी ठरवली, तीही चारचौघांत. तेव्हा 'तिला तसं म्हणायचं नव्हतं' अशी सारवासारव मी करणार नाही. तिला तसंच म्हणायचं होतं आणि त्याबद्दल तिला कोणीतरी बोलणं भाग होतं.

पहिल्या अर्ध्या तासात तीन प्रतिक्रिया येतात. त्यांतली एक तिच्या शाळेतल्या मित्राची : "मी असाच बोलतो. वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आली की मी पोटात दुखतंय म्हणून उठून जायचो, तू शेजारच्याच बाकावर असायचीस. आज या माणसाला बोलताना पाहून मला किती बरं वाटलं, ते तुला सांगणार होतो. तेवढ्यात हे वाचलं." या चार ओळींनी जे काम केलं असतं, ते पुढे काहीच करू शकलं नाही. कारण ती त्याला काही उत्तर देण्याआधीच तिच्या पोस्टचा स्क्रीनशॉट बाहेर गेला.

स्क्रीनशॉटमध्ये मित्राची प्रतिक्रिया नव्हती. तारीख कापली गेली होती, नाव मात्र शाबूत होतं. दोन लाख फॉलोअर असलेल्या कोणीतरी तो टाकला आणि वर लिहिलं, "अशी माणसं आपल्यात राहतात." तासाभरात कोणीतरी तिचं नोकरीचं प्रोफाइल शोधलं, दुसऱ्या कोणीतरी कंपनीला टॅग करून विचारलं, "अशा लोकांना तुम्ही कामावर ठेवता का?" तिने पोस्ट काढून टाकली, तर 'पुरावा नष्ट केला' म्हणून नवी लाट आली. माफी मागितली, तर माफीतला 'कोणाचं मन दुखावलं असेल तर' हा 'तर' पकडून तिसरी लाट आली. मग ती गप्प बसली, आणि गप्प बसणं म्हणजे मग्रुरी ठरली. सकाळी कंपनीचं दोन वाक्यांचं निवेदन आलं : ही आमची मूल्यं नाहीत, संबंधित व्यक्ती यापुढे आमच्याकडे काम करत नाही.

हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण त्याच्या पायऱ्या मी रचलेल्या नाहीत. अशी प्रकरणं पाहिलेल्या कोणालाही त्या याच क्रमाने ओळखीच्या वाटतील.

अशा वेळी एक उत्तर हमखास मिळतं : ही शिक्षा नव्हे, हा तिच्याच बोलण्याचा परिणाम आहे. पावसात भिजलं की सर्दी होते, तसा. मला हे पटत नाही. सर्दी कोणी ठरवून आणत नाही. इथे प्रत्येक पायरीवर एका माणसाने काहीतरी ठरवून केलं, आणि का केलंस असं विचारलं तर तो 'तिला अद्दल घडायला हवी होती' असंच म्हणेल. केलेल्या चुकीबद्दल, चूक करणाऱ्याला, जाणूनबुजून दिलेला त्रास म्हणजे शिक्षाच. कायदेशीर शिक्षेची व्याख्या करताना एच. एल. ए. हार्ट या ब्रिटिश विचारवंताने घरातल्या, शाळेतल्या आणि अधिकार नसलेल्या माणसांनी दिलेल्या शिक्षांनाही त्याच कुळात जागा ठेवली होती, दुय्यम प्रकार म्हणून. ऑनलाइन झोडपणं त्या दुय्यम प्रकारात चपखल बसतं. ते शिक्षा आहे हे एकदा मान्य केलं, की शिक्षेला जे प्रश्न विचारायचे ते त्यालाही विचारावे लागतात. परिणाम म्हटलं की ते सगळेच टळतात.

त्यातला पहिला प्रश्न मापाचा. इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. जोएल फाइनबर्ग या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1965 साली शिक्षा आणि नुसता दंड यांतला फरक मांडला होता. चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दल पैसे भरावे लागतात, त्यात धिक्कार नसतो. तुरुंगवासात असतो. शिक्षेत दोन गोष्टी एकत्र येतात, त्रास आणि निषेध, आणि तो त्रास हीच निषेधाची भाषा असते. कोर्टाच्या शिक्षेत या दोन गोष्टी निदान मनातल्या मनात वेगळ्या काढता येतात. न्यायाधीश निकालात चार कडक वाक्यं जास्त लिहू शकतो, त्याने कैदेचा एक दिवसही वाढत नाही.

ऑनलाइन झोडपण्यात हा भेद उरत नाही. तिथे निषेध हाच त्रास असतो. म्हणून प्रत्येक नवा निषेध, तो कितीही सभ्य असो, शिक्षेत भर घालतो. 'तुम्ही जे लिहिलंत ते चूक आहे' हे वाक्य एका माणसाने लिहिलं तर ती समज आहे. तेच वाक्य, काना-मात्रेचाही फरक न करता, चाळीस हजार माणसांनी लिहिलं तर ती अशी शिक्षा आहे जी त्यांतल्या एकानेही मनात आणली नसेल. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण बचतीसाठी वापरतो, पण इथे ती फार क्रूर तऱ्हेने खरी ठरते. लिहिणाऱ्यातला प्रत्येकजण प्रामाणिकपणे म्हणू शकतो की मी फक्त एक ओळ लिहिली. तळं कोणाचं, याला उत्तर नाही.

माझा मुख्य आक्षेप हा आहे. गर्दी फार कठोर असते, अशी तक्रार सगळे करतात. मला त्याहून खोलवरची अडचण ही वाटते की गर्दी काही ठरवतच नाही. ती कठोर असते तेव्हाही कठोर व्हायचं तिने ठरवलेलं नसतं आणि सौम्य असते तेव्हाही नाही. त्या संध्याकाळी दुसरी एखादी मोठी बातमी आली असती, तर आपल्या उदाहरणातली तरुणी तीन प्रतिक्रियांवर सुटली असती. तेच वाक्य, तोच दोष, तीच जखम. एकीकडे मित्राच्या चार ओळी, दुसरीकडे नोकरी आणि नाव दोन्ही गेलेलं. या दोन टोकांमधलं अंतर दोषाने ठरत नाही. कोणाच्या नजरेला पडलं आणि त्या दिवशी लोकांना दुसरं काय पाहायला होतं, यावर ते ठरतं.

इंग्लंडमध्ये पिलरी नावाची शिक्षा होती. भर बाजारात लाकडी चौकटीत मान आणि हात अडकवून माणसाला उभं करायचे, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेपुरतं. जुलै 1703 मध्ये डॅनियल डीफोला, म्हणजे पुढे रॉबिन्सन क्रूसो लिहिणाऱ्यालाच, लागोपाठ तीन दिवस लंडनमध्ये असं उभं केलं गेलं. त्याचा गुन्हा एका पुस्तिकेचा होता. अधिकृत चर्चबाहेरच्या ख्रिश्चनांना नेस्तनाबूत करा, असं तीत एका कडव्या धर्मनिष्ठाच्या आवाजात लिहिलं होतं. लिहिणारा स्वतः त्या बाहेरच्यांपैकीच होता आणि त्याने कडव्यांची नक्कल करून त्यांनाच उघडं पाडलं होतं, पण अनेकांनी ती पुस्तिका शब्दशः खरी मानली. परंपरेने सांगितलं जातं की त्या तीन दिवसांत लोकांनी त्याच्यावर कचऱ्याऐवजी फुलं टाकली. आता दुसरं नाव पाहा. 1732 मध्ये लंडनमध्येच, सेव्हन डायल्स इथे, जॉन वॉलर नावाच्या माणसाला याच चौकटीपाशी आणलं. तो बक्षिसाच्या पैशासाठी लोकांवर दरोड्याचे खोटे आरोप करायचा. त्याच्या साक्षीवर जो फासावर गेला होता त्याचा भाऊ त्या गर्दीत पुढे होता. वॉलर तिथेच मारला गेला.

दोघांना कोर्टाने सुनावलेली शिक्षा एकाच प्रकारची होती. एकाला फुलं मिळाली, दुसऱ्याला मरण, आणि दोन्ही गोष्टी कोर्टाच्या हाताबाहेर होत्या. वॉलरबद्दल कोणाला सहानुभूती वाटणार नाही, मलाही फारशी वाटत नाही. पण त्याला देहदंड कोणत्याही न्यायाधीशाने दिलेला नव्हता. या शिक्षेवरचा एक मोठा आक्षेप हाच होता : किती शिक्षा होणार हे कायदा सांगू शकत नाही, ते जमावावर सोपवलेलं असतं. 1816 मध्ये ती बहुतेक गुन्ह्यांसाठी बंद झाली आणि 1837 मध्ये पूर्णपणे. आणि लक्षात घ्या, त्या शिक्षेत निदान खटला होता, आरोपीचं म्हणणं ऐकलं जायचं आणि ठरलेला वेळ संपला की चौकट उघडायची. आपण जी नवी चौकट उभी केली आहे तिला उघडायची तारीखच नाही.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं, कारण ते वजनदार आहे. ज्यांच्यावर असे शेरे मारले जातात त्यांना दाद मागायला दुसरी जागा बहुधा नसते. अडखळत बोलणाऱ्याची टर उडवली म्हणून कोणी कोर्टात जात नाही, आणि सगळेच गप्प बसले तर त्या माणसाला कळतं ते एवढंच की आपण एकटे आहोत. निषेध हा नेहमीच बोलणाऱ्यासाठी नसतो. कित्येकदा तो ज्याला लागलं त्याच्यासाठी असतो, त्याला ऐकू जावा म्हणून असतो. हे मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना जाहीर निषेधाचं सर्वांत भक्कम समर्थन हेच आहे.

पण मग त्या समर्थनाला जे लागतं तेवढंच करावं. अडखळत बोलणाऱ्यांच्या बाजूने उभं राहायला त्या तरुणीचं नाव लागत नाही, फोटो लागत नाही, नोकरीचं ठिकाण तर मुळीच लागत नाही. 'आज एक वाक्य वाचलं, ते का चूक आहे ते सांगतो' असं लिहिता येतं आणि ज्याला धीर हवा आहे त्याला तो तितकाच मिळतो. नाव काढून टाकलं की आपल्या लिहिण्यातला बराचसा जोर गेल्यासारखा वाटत असेल, तर तो जोर कशासाठी होता हे ज्याने त्याने स्वतःशी तपासावं.

शिवाय गर्दीने केलेला निषेध आपल्याच संदेशाला मारक ठरतो, याला आधार आहे. ताकुया सावाओका आणि बेनुआ मोनिन या मानसशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. आक्षेपार्ह पोस्टखाली एखादीच संतप्त प्रतिक्रिया दाखवली, तेव्हा लोकांना प्रतिक्रिया देणारा चांगला वाटला. तशाच प्रतिक्रियांचा ढीग दाखवला, तेव्हा तीच प्रतिक्रिया दादागिरीसारखी वाटू लागली आणि पोस्ट लिहिणाऱ्याबद्दल कणव वाढली. म्हणजे सगळ्यांनी मिळून तुटून पडलं की चर्चेचा विषय बदलतो. अडखळत बोलणारा माणूस बाजूला पडतो आणि 'बिचारी पोरगी' मध्यभागी येते. ज्याच्यासाठी भांडायला निघालो, त्याच्याकडे पाहायला मग कोणी उरत नाही.

त्या मित्राच्या चार ओळींकडे मी पुन्हा वळतो, कारण खरी शक्यता तिथे होती. जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन गुन्हेशास्त्रज्ञाने 1989 मध्ये लाज वाटायला लावण्याचे दोन प्रकार सांगितले. एकात कृत्याचा निषेध होतो, माणसाशी नातं राखलं जातं आणि शेवटी त्याला परत घेतलं जातं. दुसऱ्यात माणसावरच शिक्का बसतो आणि तो बाहेर फेकला जातो. त्याचा दावा असा की पहिल्याने माणूस सुधारण्याची शक्यता वाढते, दुसऱ्याने तो आपल्यासारख्याच बाहेर फेकलेल्यांच्या कळपात जातो. गुन्ह्यांच्या क्षेत्रात या दाव्याला मिळालेले पुरावे संमिश्र आहेत, तेव्हा तो सिद्धान्त रामबाण म्हणून मी पुढे करत नाही. पण त्यातली एक अट मला फार खरी वाटते. परत घ्यायचं तर घेणाऱ्याकडे जागा लागते. मित्राकडे ती होती. तो उद्या म्हणू शकला असता, ठीक आहे, झालं ते झालं. अनोळखी चाळीस हजारांकडे अशी जागाच नसते, कारण त्यांचं तिच्याशी नातं कधी नव्हतंच. तिने कितीही मनापासून माफी मागितली तरी ती स्वीकारायची कोणी? पहिल्या हजारांनी स्वीकारली तर पुढच्या हजारांना ते ठाऊक नसतं, ते आत्ता कुठे पोहोचलेले असतात. माफीतला 'तर' सदोष होता हे खरं, पण निर्दोष माफीलाही तिथे पोचपावती मिळाली नसती.

यातून एक साधी खूण मिळते. समज देणारा माणूस समोरच्याशी बोलतो. स्क्रीनशॉट टाकणारा समोरच्याबद्दल आपल्या माणसांशी बोलतो. पहिल्याला उत्तराची अपेक्षा असते. दुसऱ्याला उत्तर आलं तरी ते पुढच्या स्क्रीनशॉटचा ऐवज असतो. आपण लिहिलेली ओळ कोणासाठी आहे हे ओळखायला याहून जास्त काही लागत नाही.

नाव घेणं कधीच योग्य नाही, असं मात्र मी म्हणत नाही. बोलणाऱ्याच्या हातात ज्यांची टर उडवली त्यांच्यावरची सत्ता असेल, तर गोष्ट बदलते. हेच वाक्य वाचादोषावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहिलं असेल, शिक्षकाने लिहिलं असेल, मुलाखती घेऊन माणसं निवडणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिलं असेल, तर त्याच्यापुढे उद्या कोणीतरी अडखळत बोलणारा माणूस बसणार आहे आणि त्याला हे माहीत असण्याचा हक्क आहे. लोकप्रतिनिधी जाहीर बोलला असेल तर त्याला जाहीरच जाब विचारायचा. संस्थेने तक्रार दाबून ठेवली असेल तर ती चव्हाट्यावर आणावी लागते. पण या सगळ्यात मागणी चौकशीची असते. चौकशी मागणं आणि स्वतःच शिक्षा बनणं यांत फरक आहे.

कंपनीच्या त्या दोन वाक्यांबद्दल मला राग आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. या सगळ्या साखळीतला सर्वांत जड घाव नोकरी जाण्याचा होता, आणि तो ज्याने घातला त्याने तिच्या दोषाचा विचारच केला नव्हता. त्याने आपल्या नावावर किती चिखल उडेल याचा हिशेब केला. गर्दीला वाटतं कंपनीने न्याय केला, कंपनीला वाटतं गर्दीने निकाल दिला. प्रत्यक्षात निकाल कोणीच दिलेला नसतो. नोकरी देणाऱ्याने विचारायचे प्रश्न मोजके आहेत : या बोलण्याचा तिच्या कामाशी संबंध आहे का, तिच्याबद्दल कामाच्या ठिकाणी अशी तक्रार पूर्वी आली आहे का, तिचं म्हणणं काय आहे. हिशेब करणाऱ्या मुलीच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'नाही' असतं. तिच्या बाजूच्या टेबलावर अडखळत बोलणारा सहकारी असेल तर ते 'हो' असू शकतं, आणि मग त्या सहकाऱ्याला काय हवंय हे आधी विचारलं पाहिजे. यासाठी चार दिवस लागतील. सोशल मीडियावरचा वादळी दिवस उलटून जाईपर्यंत थांबणं कोणत्याही कंपनीला परवडतं, आणि कामगार कायदे व कामगार संघटना यांनी हा धीर कंपन्यांवर सक्तीचा करावा, असं माझं मत आहे.

राहिला प्रश्न शेवटाचा. 2014 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला की एखाद्याच्या नावाने शोध घेतल्यावर येणारे जुने, आता गैरलागू झालेले दुवे काढून टाकायला सर्च इंजिनला सांगता येतं, मात्र त्या माहितीत लोकांचं हित गुंतलेलं असेल तर नाही. हे उपयोगी आहे, पण तोकडं आहे. मूळ पान तसंच राहतं, फक्त नावावरून तिथे पोचता येत नाही, आणि ज्या देशांत असा कायदाच नाही तिथे तेवढंही मिळत नाही. शिवाय स्क्रीनशॉट हे चित्र असतं. ते कोणाच्याही फोनमध्ये पडून राहतं आणि पाच वर्षांनी, तारखेविना, ताजं म्हणून पुन्हा फिरू शकतं.

तेव्हा निदान ज्या बातमीदारांनी आणि वेबसाइटांनी त्या सकाळी तिचं पूर्ण नाव छापलं, त्यांनी ठरावीक मुदतीनंतर ते काढून टाकण्याचा नियम स्वतःहून करावा. बातमी राहू द्या, वाक्य राहू द्या, त्यावर झालेली टीका राहू द्या. सार्वजनिक पद नसलेल्या माणसाचं नाव तेवढं जावं, त्याने अर्ज न करता. आणि शक्य असेल तिथे, कापलेल्या स्क्रीनशॉटच्या जागी त्या पोस्टखालची ती प्रतिक्रियाही छापावी, जिच्यात मित्राने तिला ती चुकली कुठे ते नीट सांगितलं होतं.